‘सोबत जोडले आहे’ – पण त्यात नेमकं बघायचं काय?

आपल्या शाळांमधून रोज कितीतरी मेल आणि व्हॉट्सअॅप संदेश जातात. त्यांतल्या बहुतेकांचा शेवट एकाच वाक्याने होतो : ‘सोबत कागदपत्रे जोडली आहेत, कृपया पाहावे.’ वाक्य सभ्य आहे, व्याकरणाने बरोबर आहे. पण ते वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. कागद किती आहेत, कोणते आहेत आणि त्यांत काय पाहायचं, हे त्याने स्वतः शोधायचं असतं. आजच्या लेखात आपण जोडपत्राचा उल्लेख नीट कसा करायचा ते पाहू. त्यासाठी एकच उदाहरण घेऊ आणि ते शेवटपर्यंत सोडवू.

उदाहरण : वडिलांचं नाव ‘दत्तू’ की ‘दत्तात्रय’?

दिघा म्हणजे ठाण्याला लागून असलेलं नवी मुंबईचं उत्तरेकडचं टोक. एमआयडीसीतल्या कामासाठी इतर जिल्ह्यांतून आलेली बरीच कुटुंबं इथे राहतात. मूल पहिलीत गावच्या जिल्हा परिषद शाळेत असतं आणि पुढे दाखला घेऊन इकडच्या शाळेत येतं. त्या दाखल्यावर जे लिहिलेलं असेल तेच इथल्या जनरल रजिस्टरमध्ये उतरतं.

समजा, नववीत सायली नावाची मुलगी आहे. तिच्या वडिलांचं कागदोपत्री नाव दत्तात्रय. गावात सगळे त्यांना दत्तू म्हणतात. पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी आजोबा सोबत गेले आणि त्यांनी ‘दत्तू’ असंच सांगितलं. गुरुजींनी तेच लिहिलं. आठ वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. आता दहावीचा फॉर्म जवळ आला. शाळेच्या रजिस्टरमधलं नाव फॉर्मवर जाणार आणि फॉर्मवरचं नाव बोर्डाच्या प्रमाणपत्रावर. एकदा ते प्रमाणपत्र छापून आलं की दुरुस्ती शाळेच्या पातळीवर राहत नाही, बोर्डापर्यंत जावं लागतं. म्हणून ती आत्ताच करायला हवी.

रजिस्टरमधली अशी नोंद मुख्याध्यापक स्वतःच्या अधिकारात खोडून बदलू शकत नाहीत. त्यासाठी शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिघा ठाणे जिल्ह्यात येतं, त्यामुळे माध्यमिक शाळेचा असा प्रस्ताव शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद, ठाणे यांच्याकडे जातो. कोणते कागद लागतील हे कार्यालय सांगतंच. आपला प्रश्न त्यापुढचा आहे : ते कागद पाठवताना त्यांच्याबद्दल लिहायचं कसं?

नेहमी काय होतं

वडील घरी कागद पलंगावर पसरून मोबाईलने फोटो काढतात आणि वर्गशिक्षकांना व्हॉट्सअॅपवर पाठवतात. शिक्षक ते शाळेच्या लिपिकांकडे पुढे ढकलतात. लिपिक ते मेलला जोडतात. तोपर्यंत फाईलींची नावं अशी झालेली असतात :

```
IMG-20250616-WA0007.jpg
IMG-20250616-WA0008.jpg
IMG-20250616-WA0011.jpg
DOC-20250616-WA0003.pdf
scan0001.pdf
```

ही नावं माणसाने दिलेली नाहीत. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सअॅप आलेल्या फोटोला तारीख आणि त्या दिवसाचा अनुक्रमांक लावतं. `20250616` म्हणजे १६ जून २०२५ आणि `WA0007` हा क्रमांक. कागद जन्म दाखला आहे की रेशनकार्ड, याच्याशी त्या नावाचा संबंध नाही.

आता हा मेल ज्यांच्या टेबलावर उघडतो त्यांच्या जागी बसून बघा. पाच फाईली आहेत. पहिली उघडली तर रजिस्टरचं अख्खं पान, वीसेक मुलांच्या नोंदी. त्यातली कोणती ओळ? दुसरी उघडली तर दाखला, त्यावर ‘दत्तू’. तिसरीत ‘दत्तात्रय’. मग बरोबर कोणतं आणि चूक कोणतं? पत्रात फक्त ‘नावात दुरुस्ती व्हावी’ एवढंच आहे. अशा प्रकरणात काही कागद चूक दाखवायला जोडलेले असतात आणि काही बरोबर नाव सिद्ध करायला. कोणता कागद कशासाठी, हे पाठवणाऱ्याला पाठ असतं. वाचणाऱ्याला ते कळायचा मार्गच नसतो. प्रस्ताव ‘त्रुटी’ म्हणून परत येतो, वडिलांना ठाण्याला जावं लागतं आणि कामावर एक दिवसाचा खाडा होतो. कागद सगळे होते. प्रत्येक कागद काय सांगतो, हे लिहिणारी एक ओळ नव्हती.

आधी फाईलचं नाव

आपण पहिल्यांदा फाईलींना नावं देऊ. नाव असं हवं की मेल बाजूला ठेवून फक्त फाईल हातात आली तरी ती कोणाची आणि कशाची आहे ते कळेल. कारण कार्यालयात तेच होतं. फाईली उतरवून घेतल्या जातात, दुसऱ्या टेबलावर जातात आणि पत्र मागे राहतं.

```
01_Sayali_General-Register-Utara.pdf
02_Sayali_Pahili-Shala-Dakhala.pdf
03_Sayali_Janma-Dakhala.pdf
04_Sayali-Vadil_Shala-Dakhala.pdf
05_Sayali-Vadil_Pratidnyapatra.pdf
```

यात तीनच गोष्टी आहेत : क्रमांक, कोणाचा कागद, कोणता कागद. क्रमांक `1` न लिहिता `01` लिहिला, कारण बऱ्याच ठिकाणी यादी अक्षरांच्या क्रमाने लागते. कागद दहाच्या वर गेले की `1` नंतर `10` येतो आणि `2` त्याच्याही खाली जातो. शाळेत दोन सायली असतील तर नावापुढे रजिस्टर क्रमांक घाला.

देवनागरीतही फाईलचं नाव देता येतं आणि घरच्या वापराला ते उत्तमच. पण ऑनलाइन अर्जांच्या काही पोर्टलवर आणि जुन्या संगणकांवर देवनागरी नाव अडतं किंवा त्याच्या जागी चौकोन दिसतात. म्हणून बाहेर पाठवायच्या फाईलला रोमन लिपीतलं साधं नाव दिलेलं बरं. शब्द मराठीच ठेवा, `Janma-Dakhala` कोणालाही वाचता येतं.

तारीख घालायची असेल तर आपल्या सवयीप्रमाणे १६/०६/२०२५ लिहिता येत नाही, कारण विंडोज फाईलच्या नावात तिरकी रेघ स्वीकारतच नाही. `2025-06-16` असं लिहा. वर्ष आधी घेतल्याने फाईली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. तोच कागद सुधारून पुन्हा पाठवताना `final`, `final-new`, `navin` असं लिहू नका. दोन दिवसांनी त्यातला ताजा कोणता हे आपल्यालाही सांगता येत नाही. तारीख मात्र सांगते.

आणखी एक काळजी. आधार क्रमांक, मोबाईल नंबर किंवा जात फाईलच्या नावात कधीच लिहू नका. फाईल न उघडताही नाव सगळ्यांना दिसतं आणि पुढे पाठवताना ते तसंच जातं.

नाव कधी बदलायचं? जोडण्याआधी. मेलला फाईल एकदा जोडली की तिथे नाव बदलता येत नाही. फोनमधल्या फाईल्सच्या अॅपमध्ये फाईलवर बोट दाबून धरलं की मेनूत `Rename` मिळतं. एकाच कागदाची दोन-तीन पानं असतील तर त्यांची एकच पीडीएफ करा. प्रतिज्ञापत्राचं पान एक इकडे आणि सहीचं पान तिकडे, असं नको.

मग ती एक ओळ

आपल्याकडच्या कार्यालयीन पत्रात सहीखाली डावीकडे ‘सोबत :’ लिहायची जुनी पद्धत आहे. पूर्वी तिथे कागदांची यादी असायची. हल्ली तिथे ‘वरीलप्रमाणे’ एवढंच उरलं आहे. त्या जागेचा पुन्हा नीट उपयोग करू. प्रत्येक कागदासमोर एक ओळ लिहायची आणि त्या ओळीत दोन गोष्टी सांगायच्या : कुठे पाहायचं आणि तिथे काय दिसेल.

आता सायलीच्या प्रस्तावाचा मेल लिहून बघू.

> विषय : इ. नववीतील विद्यार्थिनीच्या वडिलांच्या नावात दुरुस्ती – ‘दत्तू’ऐवजी ‘दत्तात्रय’
>
> महोदय,
>
> आमच्या शाळेतील इ. नववीची विद्यार्थिनी सायली हिच्या वडिलांचे नाव जनरल रजिस्टरमध्ये ‘दत्तू’ असे नोंदलेले आहे (सोबत १). ही नोंद तिच्या पहिल्या शाळेच्या दाखल्यावरून घेतली होती (सोबत २). जन्म दाखल्यात (सोबत ३) आणि वडिलांच्या स्वतःच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यात (सोबत ४) हे नाव ‘दत्तात्रय’ असे आहे. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे वडिलांचे प्रतिज्ञापत्र जोडले आहे (सोबत ५). तरी रजिस्टरमध्ये ‘दत्तात्रय’ अशी दुरुस्ती करण्यास परवानगी मिळावी, ही विनंती.
>
> सोबत : एकूण ५ फाईली
>
> १) `01_Sayali_General-Register-Utara.pdf` – वरून सातवी ओळ, ‘वडिलांचे नाव’ रकाना : ‘दत्तू’. दुरुस्ती हवी ती नोंद हीच.
>
> २) `02_Sayali_Pahili-Shala-Dakhala.pdf` – ‘विद्यार्थ्याचे पूर्ण नाव’ येथे मधले नाव ‘दत्तू’. चुकीचे मूळ येथे आहे.
>
> ३) `03_Sayali_Janma-Dakhala.pdf` – ‘वडिलांचे नाव’ : ‘दत्तात्रय’.
>
> ४) `04_Sayali-Vadil_Shala-Dakhala.pdf` – वरच्या भागात पूर्ण नावात ‘दत्तात्रय’. कागद जुना असल्याने खालचा शिक्का फिकट आहे. नाव स्पष्ट वाचता येते.
>
> ५) `05_Sayali-Vadil_Pratidnyapatra.pdf` – पान २, परिच्छेद ३ : ‘दत्तू’ व ‘दत्तात्रय’ एकच व्यक्ती असल्याचे कथन.

हा मेल पाच मिनिटांत तपासून होतो. वाचणारी व्यक्ती प्रत्येक फाईल उघडते ती काय शोधायचं हे ठरवूनच. शिवाय एकही फाईल न उघडता, नुसता मेल वाचूनसुद्धा प्रकरण काय आहे ते समजतं.

यातल्या तीन बारकाव्यांकडे लक्ष द्या.

पहिला, पत्राच्या मजकुरात प्रत्येक विधानापाठोपाठ ‘(सोबत ३)’ असा क्रमांक आहे, तोच क्रमांक यादीत आहे आणि तोच फाईलच्या नावाच्या सुरुवातीला आहे. हे तीनही जुळले पाहिजेत. ऐन वेळी एक कागद मध्ये घुसवला आणि फक्त फाईलींचे क्रमांक बदलले, तर मजकुरातला ‘सोबत ३’ भलत्याच कागदाकडे बोट दाखवतो. म्हणून उशिरा आलेला कागद शेवटी घाला.

दुसरा, आपल्या म्हणण्याविरुद्ध दिसणारा कागद लपवलेला नाही. दुसऱ्या फाईलीत ‘दत्तू’ आहे, आणि तसं ओळीतच सांगितलं आहे. न सांगता जोडला असता तर वाचणाऱ्याला वाटलं असतं की पुरावे एकमेकांशी जुळत नाहीत. सांगितल्यामुळे तोच कागद ‘चूक कुठून आली’ याचा पुरावा झाला.

तिसरा, शिक्का फिकट आहे हे आपणच लिहिलं. कागदातली उणीव वाचणाऱ्याला सापडण्याआधी आपण सांगितली, तर ‘स्पष्ट प्रत पाठवा’ असा वेगळा पत्रव्यवहार पुष्कळदा वाचतो. पण नावच वाचता येत नसेल तर ओळ लिहून भागणार नाही, कागदाचा फोटो पुन्हा काढावा लागेल. एक ओळ कागद शोधायला मदत करते. कागदात नसलेलं ती आणू शकत नाही.

ओळीत काय लिहू नये

‘जन्म दाखल्याची प्रत’ एवढंच लिहिलं तर ते फाईलच्या नावाचीच पुनरुक्ती होते. ‘महत्त्वाचा कागद, कृपया काळजीपूर्वक पाहावा’ यातूनही काही कळत नाही, कारण कुठे आणि काय हे त्यात नाही. उलट कागदातला अख्खा मजकूर उतरवून काढला तर वाचणारा ओळच सोडून देतो. पान, ओळ किंवा रकाना, आणि तिथला एक शब्द किंवा आकडा, इतकं पुरतं.

पालकांना पाठवताना

हीच पद्धत उलट दिशेनेही लागू होते. शाळेकडून पालकांच्या गटावर शासन निर्णय पाठवला जातो. शासनाच्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या शासन निर्णयाच्या फाईलचं नाव म्हणजे १८ आकडी संगणक संकेतांक असतो. त्याचे पहिले आठ आकडे वर्ष, महिना आणि दिवस दाखवतात. कार्यालयाला तो संकेतांक उपयोगी आहे, शोधताना तोच लागतो. पण दिवसभर ड्युटी करून आलेल्या पालकाला तो नुसता आकड्यांचा डोंगर दिसतो. अशा वेळी संकेतांक पुसू नका, त्याच्या आधी विषय लिहा. आणि संदेशात ‘पान ३, मुद्दा ५ एवढाच आपल्या मुलांना लागू आहे’ असं असेल ते सांगा. पालक तेवढं नक्की वाचतात.

पालकांना काही करायचं असेल तर ओळीत तेही हवं. उदाहरणार्थ :

> `Sahal-Sammatipatra_5vi.pdf` – पान २ च्या तळाशी पालकांची सही हवी. तेच एक पान शुक्रवारपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्यावे. पान १ घरी ठेवण्यासाठी.

व्हॉट्सअॅपवर पाठवताना कागद फोटो म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की तो आकसतो, बारीक अक्षरं पुसट होतात आणि आपण दिलेलं नावही जातं. डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यास नाव तसंच राहतं. एक ओळ फाईलसोबतच लिहा. नंतर वेगळा संदेश टाकला तर मध्ये दहा ‘धन्यवाद सर’ येतात आणि ओळ कोणत्या फाईलची होती ते कळत नाही.

मेलमधल्या दोन अडचणी

आलेल्या मेलला ‘रिप्लाय’ केलं की आधीच्या मेलमधली जोडपत्रं उत्तरासोबत जात नाहीत. ‘फॉरवर्ड’ केलं तर जातात. त्यामुळे रिप्लाय करून ‘खालील मेलमधील जोडपत्र पाहावे’ असं लिहिलं आणि तो मेल नव्या व्यक्तीला गेला, तर तिच्याकडे जोडपत्र नसतंच. फाईल पुन्हा जोडा.

दुसरी अडचण आकाराची. जीमेलमध्ये जोडपत्रांची मर्यादा २५ एमबी आहे. त्यापेक्षा मोठी फाईल ड्राइव्हवर जाते आणि मेलमध्ये फक्त लिंक राहते. ती लिंक उघडायची परवानगी दिलेली नसेल तर समोरच्याला कागदाऐवजी परवानगी मागायचं पान दिसतं. मुलांचे कागद असतात तेव्हा ‘लिंक असलेल्या कोणालाही’ अशी परवानगी देऊ नका. ज्या मेल पत्त्यावर पाठवायचं त्यालाच द्या. आधारची प्रत मागितली असेल आणि पूर्ण क्रमांकाची गरज नसेल, तर शेवटचे चारच आकडे दाखवणारं ‘मास्क्ड आधार’ यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून मिळतं, ते जोडता येतं.

पाठवण्याआधीच्या दोन कसोट्या

शेवटी दोन साध्या तपासण्या. एक : फाईली न उघडता फक्त मेल घरातल्या किंवा स्टाफरूममधल्या कोणाला वाचायला द्या. प्रत्येक कागदात काय आहे ते त्यांना सांगता आलं पाहिजे. दोन : मेल न दाखवता फक्त फाईलींची नावं दाखवा. कोणाचे आणि कोणते कागद आहेत ते कळलं पाहिजे. पहिलीत अडलं तर ओळ सुधारा, दुसरीत अडलं तर नाव.

दहावीच्या मराठीत पत्रलेखन आता ई-मेलच्या प्रारूपात शिकवतो, तेव्हा वर्गातही हे करून घेता येईल. शाळेच्या नळाची गळती, बंद पथदिवा असा एखादा विषय द्या. मुलांनी दोन फोटोंना नावं द्यायची आणि प्रत्येकासमोर एक ओळ लिहायची. मग फोटो झाकून शेजारच्या मुलाने फक्त ओळ वाचायची आणि फोटोत काय असेल ते सांगायचं. जिथे तो अडेल, तिथे ओळ पुन्हा लिहायची.